चेहराबदल ओळखणारे वर्गीकारक आणि संकोचनात पुसला जाणारा पुरावा

एका व्यक्तीच्या छायाचित्रातील किंवा चित्रफितीतील चेहरा काढून त्या जागी दुसऱ्याच व्यक्तीचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने बसवणे, या तंत्राला चेहराबदल किंवा रूढ शब्दात ‘फेस स्वॅप’ म्हणतात, आणि एखादी प्रतिमा अशा प्रकारे बदललेली आहे की मूळचीच आहे याचा निवाडा करणाऱ्या संगणकीय प्रणालीला वर्गीकारक म्हणतात. वर्गीकारकाला प्रतिमा दिली की तो शून्य ते एक या दरम्यानचा एक आकडा देतो; आकडा एकाच्या जितका जवळ, तितकी प्रतिमा बदललेली असण्याची शक्यता जास्त असे त्याचे म्हणणे असते. प्रयोगशाळेतील स्वच्छ प्रतिमांवर हे वर्गीकारक शंभरपैकी नव्व्याण्णव वेळा बरोबर ठरतात, आणि तरीही समाजमाध्यमांवरून फिरून आलेल्या प्रतिमांवर तेच वर्गीकारक अनेकदा सपशेल फसतात. या विसंगतीचे मूळ वर्गीकारकाच्या रचनेतील एखाद्या दोषापेक्षा तो ज्या पुराव्यावर विसंबून असतो त्या पुराव्याच्या स्वरूपात आहे: हा पुरावा प्रतिमेच्या अत्यंत सूक्ष्म तपशिलात दडलेला असतो, आणि समाजमाध्यमे प्रतिमेचा आकार कमी करताना नेमका तोच तपशील टाकून देतात.

हा पुरावा कोठून येतो हे समजण्यासाठी चेहराबदल कसा घडतो ते पाहावे लागते. २०१७ नंतर प्रसार पावलेल्या पद्धतीत दोन व्यक्तींच्या शेकडो चेहरेचित्रांवर एक चेताजाल प्रशिक्षित केले जाते. त्याचा पहिला भाग, म्हणजे एन्कोडर, दोघांसाठी एकच असतो आणि तो चेहऱ्याचा कल, डोळ्यांची उघडझाप, ओठांची ठेवण, प्रकाशाची दिशा अशा गोष्टी आटोपशीर संख्यांत मांडतो. दुसरा भाग, म्हणजे डिकोडर, मात्र प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळा असतो आणि त्या संख्यांवरून त्या विशिष्ट व्यक्तीचा चेहरा पुन्हा रेखाटतो. पहिल्या व्यक्तीच्या हावभावांच्या संख्या दुसऱ्या व्यक्तीच्या डिकोडरला दिल्या की हावभाव पहिलीचे आणि चेहरा दुसरीचा, असे मिश्रण तयार होते. हा तयार चेहरा सहसा ६४, १२८ किंवा २५६ पिक्सेल रुंदीचा चौरस तुकडा असतो. तो ताणून, किंचित फिरवून मूळ चित्रातील जागेवर बसवला जातो आणि त्याच्या कडा भोवतालच्या त्वचेत मिसळून टाकल्या जातात.

या प्रक्रियेत तीन प्रकारच्या खुणा मागे राहतात. पहिली खूण पोताची असते. कॅमेऱ्याचा संवेदक प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडी अनियमित खळबळ मिसळतो, जिला छायाचित्रणात ‘नॉइज’ म्हणतात आणि जी गाल, मान, भिंत अशी सर्वत्र एकाच जातीची असते. चेताजालाने रेखाटलेल्या चेहऱ्यात मात्र ती नसते, किंवा असली तरी वेगळ्या जातीची असते. दुसरी खूण ताणण्याची असते, कारण लहान तुकडा मोठा करताना शेजारशेजारच्या पिक्सेलांमध्ये एक नियमित नाते निर्माण होते, जे नैसर्गिक छायाचित्रात आढळत नाही. तिसरी खूण सांध्याची असते: हनुवटीच्या कडेने किंवा कपाळावर, जेथे दोन वेगळ्या उगमांची त्वचा एकमेकींत मिसळलेली असते, तेथे पोत आणि रंगछटा काही पिक्सेलांच्या पट्ट्यात बदलतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या खुणा पिक्सेलांच्या आकड्यांत मात्र स्पष्ट उमटलेल्या असतात.

वर्गीकारकाला या खुणांची यादी कोणी देत नाही. एक्सेप्शन नावाच्या आणि या कामासाठी वारंवार वापरल्या गेलेल्या चेताजालाचे उदाहरण घेतल्यास, प्रतिमेतून चेहऱ्याचा भाग कापून २९९ गुणिले २९९ पिक्सेलांच्या आकारात बसवला जातो आणि ‘मूळ’ किंवा ‘बदललेला’ अशी चिठ्ठी जोडलेली हजारो उदाहरणे जालापुढे ठेवली जातात. दोन गटांना वेगळे करणारा जो भेद सर्वांत सोपा आणि सर्वांत भरवशाचा असेल, तो हे जाल आपणहून हुडकून काढते. स्वच्छ प्रतिमांत असा भेद चेहऱ्याच्या ठेवणीपेक्षा किंवा भावापेक्षा सूक्ष्म पोतात अधिक ठळक असल्याने जाल त्याकडेच झुकते. डोळे विचित्र दिसतात किंवा दातांची रेघ अस्पष्ट आहे, अशी कारणे माणूस देतो. वर्गीकारकाचा निवाडा बहुधा माणसाला न दिसणाऱ्या खळबळीवर आधारलेला असतो, आणि त्याचे बळ व त्याचा दुबळेपणा दोन्ही येथूनच उगम पावतात.

समाजमाध्यमावर प्रतिमा चढवली जाते तेव्हा साधारणपणे दोन गोष्टी घडतात: तिची लांबीरुंदी कमी केली जाते आणि नंतर तिचे संकोचन केले जाते, म्हणजे तीच प्रतिमा कमी जागेत मावेल अशी पुन्हा लिहिली जाते. यांपैकी पहिल्या क्रियेचा परिणाम एका हिशेबाने स्पष्ट होतो. समजा, ४००० गुणिले ३००० पिक्सेलांच्या छायाचित्रात १००० पिक्सेल रुंदीचा चेहरा आहे आणि त्या जागी २५६ पिक्सेल रुंदीचा कृत्रिम चेहरा ताणून बसवला आहे. हा तुकडा जवळजवळ चौपट ताणला गेल्यामुळे गालाचा पोत कानाच्या किंवा मानेच्या पोताहून मऊ आणि सपाट असतो, आणि वर्गीकारक तो भेद सहज टिपतो. आता माध्यमाने त्या छायाचित्राची रुंदी १०२४ पिक्सेलांवर आणली, तर चेहऱ्याची रुंदी बरोबर २५६ पिक्सेल उरते. ज्या आकारात चेताजालाने चेहरा रेखाटला होता त्याच आकाराला तो परत येतो, ताणल्याची खूण जवळजवळ नाहीशी होते. शिवाय मानेवरील खऱ्या त्वचेच्या जवळपास पंधरा पिक्सेलांची सरासरी होऊन एक पिक्सेल बनत असल्याने तेथील संवेदकाची खळबळही विरघळते. चेहरा आणि मान यांच्यातला भेद दोन्ही बाजूंनी मिटत जातो, आणि हे सर्व संकोचनाला हात लावण्यापूर्वीच घडलेले असते.

त्यानंतर येते जेपेग पद्धतीचे संकोचन. या पद्धतीत प्रतिमेची प्रखरता आणि रंग वेगळे केले जातात आणि रंगाची माहिती बहुतेक वेळा उभ्या व आडव्या दोन्ही दिशांनी निम्मी केली जाते, कारण माणसाचा डोळा रंगातील बारकाव्यांबाबत फारसा चोखंदळ नसतो. उरलेली प्रतिमा आठ गुणिले आठ पिक्सेलांच्या चौकटींत विभागली जाते आणि प्रत्येक चौकटीतील ६४ पिक्सेलांचे रूपांतर ६४ गुणांकांत केले जाते. पहिला गुणांक त्या चौकटीची सरासरी प्रखरता सांगतो, त्यानंतरचे गुणांक संथ चढउतार सांगतात आणि शेवटचे गुणांक अगदी पिक्सेलागणिक बदलणारा तपशील सांगतात. येथपर्यंत फारसे काही हरवलेले नसते. हरवते ते पुढच्या पायरीवर, जिला क्वांटायझेशन म्हणतात: प्रत्येक गुणांकाला एका ठरलेल्या कोष्टकातील भाजकाने भागून उत्तर जवळच्या पूर्णांकात आणले जाते. वाण्याने प्रत्येक बिल जवळच्या दहा रुपयांवर आणले तर तीन आणि चार रुपयांची बिले दोन्ही शून्य होतात आणि त्यांतला फरक वहीतून कायमचा जातो, तसाच हा व्यवहार आहे. फरक इतकाच, की येथे बारीक तपशिलाचा भाजक मुद्दाम मोठा ठेवलेला असतो. जेपेग मानकात प्रखरतेसाठी नमुना म्हणून दिलेल्या कोष्टकात सरासरी प्रखरतेचा भाजक १६ आहे, तर शेवटच्या कोपऱ्यातील सर्वांत बारीक तपशिलाचा भाजक ९९ आहे.

हा भाजक प्रतिमेच्या ‘दर्जा’ नावाच्या आकड्यानुसार लहानमोठा होतो, आणि त्याचा वर्गीकारकावर होणारा परिणाम एकाच गुणांकावर दाखवता येतो. कोष्टकाच्या चौथ्या ओळीतील चौथा भाजक २९ आहे. प्रचलित आज्ञावलीच्या नियमानुसार दर्जा ९० असताना तो ६ होतो आणि दर्जा ७५ असताना १५ होतो. समजा, मानेवरील खऱ्या त्वचेच्या एका चौकटीत संवेदकाच्या खळबळीमुळे हा गुणांक ७ आहे आणि बदललेल्या गालावरील चौकटीत तो केवळ २ आहे. दर्जा ९० असताना ७ भागिले ६ याचे जवळचे पूर्णांक उत्तर १ येते आणि प्रतिमा पुन्हा उघडताना ते ६ म्हणून परत मिळते, तर २ भागिले ६ याचे उत्तर शून्य येते. म्हणजे आकडे बदलले तरी मान आणि गाल यांतला भेद शाबूत राहतो, किंबहुना थोडा वाढतोच. दर्जा ७५ असताना मात्र ७ भागिले १५ याचेही उत्तर शून्य आणि २ भागिले १५ याचेही उत्तर शून्य येते. दोन्ही चौकटी या गुणांकापुरत्या आता एकसारख्या झाल्या आहेत. हा भेद धूसर किंवा क्षीण झालेला नसून नष्ट झालेला आहे, आणि शून्य व शून्य यांतून ७ आणि २ पुन्हा मिळवून देणारी कोणतीही गणिती युक्ती असू शकत नाही. माणसाच्या डोळ्याला दोन्ही प्रतिमा सारख्याच दिसतात, कारण जे टाकले गेले ते डोळ्याला न जाणवणारे म्हणूनच निवडून टाकले गेले. दुर्दैवाने वर्गीकारकाचा पुरावाही डोळ्याला न जाणवणाऱ्या त्याच कप्प्यात होता.

संकोचन एवढ्यावर थांबत नाही. भाजकाने पुसलेल्या तपशिलाच्या जागी ते स्वतःच्या खुणा सोडते: दर आठ पिक्सेलांवर चौकटींच्या कडा उमटतात आणि ठळक रेषांभोवती लहरी दिसू लागतात. प्रतिमा एका माध्यमावरून उतरवून दुसऱ्यावर चढवली किंवा तिचा पडद्यावरून टिपलेला फोटो म्हणजे स्क्रीनशॉट पुढे पाठवला, की नव्या आकाराच्या आणि जुन्या चौकटींशी न जुळणाऱ्या नव्या चौकटींची जाळी जुनीवर बसते. या खुणा मूळ आणि बदललेल्या अशा दोन्ही प्रकारच्या प्रतिमांत सारख्याच प्रमाणात असतात, त्यामुळे त्यांच्यापासून निवाड्याला मदत तर होत नाहीच, उलट गोंधळ वाढतो.

या ऱ्हासाचे पद्धतशीर मोजमाप २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेसफोरेन्सिक्स++’ या संशोधनात आढळते. आंद्रेआस र्योस्लर, लुईसा वेर्दोलिव्हा, मथियास नीसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरील एक हजार चित्रफिती घेऊन त्यांतील चेहरे चार वेगवेगळ्या पद्धतींनी बदलले आणि प्रत्येक चित्रफीत तीन अवस्थांत ठेवली: संकोचन न केलेली, हलके संकोचन केलेली आणि जड संकोचन केलेली. चित्रफितींसाठी वापरल्या जाणाऱ्या एच.२६४ पद्धतीतही तत्त्व तेच असते, म्हणजे गुणांकांना भाजकाने भागून पूर्णांकात आणणे. तिच्यात हलक्या संकोचनासाठी २३ आणि जड संकोचनासाठी ४० ही पातळी या संशोधकांनी निवडली. या पद्धतीत पातळी सहाने वाढली की भाजक दुप्पट होतो, म्हणून २३ वरून ४० वर जाताना तो सुमारे सातपट होतो. निकाल बोलके होते. संकोचन न केलेल्या प्रतिमांवर एक्सेप्शनचे निवाडे ९९.२६ टक्के बरोबर ठरले, हलक्या संकोचनानंतर ९५.७३ टक्के आणि जड संकोचनानंतर ८१ टक्के. केवळ सूक्ष्म पोताच्या आकडेवारीवर चालणारी, हाताने घडवलेली जुनी पद्धत अनुक्रमे ९७.६३, ७०.९७ आणि ५५.९८ टक्क्यांवर आली. नाणेफेकीनेही निम्मे निवाडे बरोबर येतात हे लक्षात घेतले, तर शेवटच्या आकड्यात पुराव्याचा मागमूस जेमतेमच उरला होता असे म्हणावे लागते. तुलनेसाठी २०४ माणसांनाही प्रतिमा दाखवण्यात आल्या, तेव्हा त्यांची अचूकता सुमारे ६९ टक्क्यांवरून सुमारे ५९ टक्क्यांवर उतरली. माणसाची सुरुवातच खालून होती, पण त्याची घसरण जुन्या पद्धतीइतकी तीव्र नव्हती, कारण तो मुळात त्या सूक्ष्म तपशिलावर विसंबलेला नव्हता.

येथे एक बारकावा ध्यानात घेणे आवश्यक आहे. जड संकोचनानंतरचा ८१ टक्के हा आकडा, वर्गीकारकाला जड संकोचन केलेल्या प्रतिमांवरच प्रशिक्षण दिल्यानंतरचा आहे. यावरून वर्गीकारकाच्या अपयशाची दोन वेगळी कारणे एकमेकांपासून सुटी करता येतात. पहिले कारण विसंगतीचे: स्वच्छ प्रतिमांवर शिकलेला वर्गीकारक संकोचनाच्या खुणा कधी पाहिलेल्या नसल्यामुळे गोंधळतो, आणि त्यावर उपाय आहे, तो म्हणजे प्रशिक्षणाच्या वेळीच प्रतिमा वेगवेगळ्या दर्जाला संकोचित करून, लहानमोठ्या करून त्याला दाखवणे. दुसरे कारण नाशाचे: भेद सांगणारे गुणांकच शून्य झालेले असतात, आणि त्यावर प्रशिक्षणाने उपाय होत नाही. ९९ आणि ८१ यांच्यामधील दरी ही मुख्यतः या दुसऱ्या कारणाची आहे. नव्या वर्गीकारकांविषयी ‘संकोचनालाही दाद देत नाही’ असा दावा केला जातो तेव्हा त्याने पहिले कारण दूर केले की दुसऱ्यातूनही काही परत मिळवले, असा प्रश्न विचारणे म्हणूनच रास्त ठरते.

वर्गीकारक चुकतो तेव्हा तो कोणत्या बाजूला चुकतो, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याच संशोधकांनी एक हजार प्रतिमांची एक स्वतंत्र चाचणी तयार केली आणि ती समाजमाध्यमांवरील परिस्थितीच्या जवळ जावी म्हणून तिच्यातील चित्रफितींचा आकार व संकोचन अघोषित रीतीने बदलले. तिच्यावर एक्सेप्शनने एन्कोडर-डिकोडर पद्धतीने बदललेल्या चेहऱ्यांपैकी सुमारे ९६ टक्के ओळखले, मूळ प्रतिमांपैकी मात्र सुमारे ५२ टक्केच मूळ म्हणून ओळखल्या. उरलेल्या खऱ्या चेहऱ्यांवर त्याने बनावटपणाचा शिक्का मारला. यामागचे एक संभाव्य कारण वरील हिशेबातून उमगते: स्वच्छ प्रतिमांत सपाट, खळबळहीन त्वचा ही बनावट चेहऱ्याची खूण होती, आणि जड संकोचन खऱ्या त्वचेलाही तशीच सपाट करते, म्हणून संकोचित खरा चेहरा वर्गीकारकाला बनावट चेहऱ्यासारखा भासू शकतो.

या एकतर्फी चुकीचा व्यवहारातला परिणाम फार मोठा असतो, कारण प्रत्यक्षात फिरणाऱ्या प्रतिमांत बदललेले चेहरे अल्पसंख्य असतात. समजा, तपासणीसाठी आलेल्या १००० प्रतिमांत १० बदललेल्या आहेत आणि वर्गीकारकाची कामगिरी वरील चाचणीइतकीच आहे. तो त्या दहापैकी जवळजवळ सर्व पकडेल, पण उरलेल्या ९९० खऱ्या प्रतिमांपैकी ४८ टक्के, म्हणजे सुमारे ४७५ प्रतिमांनाही बनावट ठरवेल. बनावट ठरवलेल्या ४८५ प्रतिमांत खरोखर बदललेल्या केवळ दहा, म्हणजे शंभरात दोन. ‘बदललेल्या चेहऱ्यांपैकी ९६ टक्के ओळखतो’ हे विधान खरे असूनही त्याच वर्गीकारकाचा होकार जवळजवळ निरर्थक ठरतो, हे या हिशेबाचे सार आहे. निर्णयाची मर्यादा वर सरकवून, म्हणजे आकडा ०.५ ऐवजी ०.९ च्या पुढे गेला तरच प्रतिमेला बनावट म्हणायचे असे ठरवून, खोटे इशारे कमी करता येतात. परंतु तसे केल्यास खरे बनावटही निसटू लागतात, कारण संकोचनाने दोन्ही गटांचे आकडेच एकमेकांत मिसळलेले असतात.

या कोंडीतून वाट काढण्याचे प्रयत्न २०२० पासून पुढे सरकले आहेत. एका दिशेत वर्गीकारकाला पिक्सेलांऐवजी थेट वारंवारितेच्या कप्प्यांकडे, म्हणजे वर सांगितलेल्या गुणांकांच्या गटांकडे पाहायला शिकवले जाते, जेणेकरून बारीक तपशील नष्ट झाला तरी मधल्या कप्प्यांत उरलेला पुरावा त्याला टिपता यावा. ‘एफ-थ्री-नेट’ ही त्या दिशेतली प्रसिद्ध रचना असून जड संकोचनातही तिने एक्सेप्शनपेक्षा सरस कामगिरी केली. दुसऱ्या दिशेत ‘फेस एक्स-रे’ या पद्धतीने सारे लक्ष सांध्यावर केंद्रित केले, कारण चेहरा कोणत्याही जालाने रेखाटला तरी तो चित्रात मिसळावा लागतोच. अनोळखी पद्धतीने केलेले बदल ओळखण्यात ती उजवी ठरली, परंतु कमी दर्जाच्या प्रतिमांवर तिचीही अचूकता घसरते, हे तिच्या कर्त्यांनीच नमूद केले आहे. सांध्याचा पट्टा काही पिक्सेलांचाच असतो आणि आकार चौपटीने घटला की त्याचा जेमतेम एखादा पिक्सेल उरतो. चित्रफीत उपलब्ध असेल तर तिच्यातील अनेक स्थिरचित्रांवरील निवाड्यांची सरासरी काढता येते, आणि तिचा काही उपयोग होतो; पण सगळ्या स्थिरचित्रांचे संकोचन एकाच जातीचे असल्याने त्यांतील चुका एकमेकींना छेद न देता एकाच दिशेने साचतात.

म्हणून तपासणाऱ्याने वर्गीकारकाचा आकडा वाचण्यापूर्वी प्रतिमेची अवस्था वाचणे इष्ट असते. चेहरा किती पिक्सेल रुंद आहे, हे पहिले पाहावे. तो शंभर-दीडशे पिक्सेलांहून लहान असेल तर तो मोठा करून २९९ च्या चौकटीत बसवताना वर्गीकारकापुढे बहुतांशी ताणण्यानेच निर्माण झालेला तपशील येतो. जेपेग धारिकेच्या सुरुवातीलाच भाजकांचे कोष्टक लिहिलेले असते, त्यावरून शेवटचे संकोचन किती जड होते ते कळते. त्याआधी झालेल्या संकोचनांचा मात्र त्यात उल्लेख नसतो. एक सोपी कसोटीही करता येते: त्याच माध्यमावरून आलेली, निःसंशय खरी असलेली काही छायाचित्रे त्याच वर्गीकारकाला द्यावीत, आणि त्यांनाही तो उंच आकडे देत असेल तर संशयित प्रतिमेच्या उंच आकड्याला पुरावा मानू नये.

भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा बसवलेली एक चित्रफीत पसरली, तेव्हा ती बनावट असल्याचे निर्णायकपणे सिद्ध झाले ते मूळ चित्रफीत सापडल्यामुळे. दुसऱ्याच एका तरुणीने ऑक्टोबरमध्ये स्वतःच्या खात्यावर टाकलेली ती मूळ चित्रफीत शेजारी ठेवल्यावर कपडे, हालचाल, पार्श्वभूमी सारे तेच आणि चेहरा तेवढा निराळा, हे कोणालाही दिसत होते. अशा तुलनेला संकोचनाचा जाच होत नाही, कारण ती ज्या गोष्टींवर उभी असते त्या ठळक असतात आणि जेपेगच्या कोष्टकात त्यांचे भाजक लहान असतात. वर्गीकारकाचे स्थान यावरून ठरते. मूळ धारिका, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली किंवा निदान पहिल्यांदा चढवलेली प्रत, हाती असेल तर त्याचा आकडा भक्कम साक्षीदार ठरतो. दहा हातांतून गेलेल्या प्रतीबाबत मात्र त्याच्या आकड्याचा उपयोग एवढाच, की कोणत्या प्रतिमेचे मूळ आधी शोधायला घ्यावे याचा क्रम लावता येतो.